कार्डातलं घरचं पान

उचगावच्या शाळेत क्रांतीबाईंना एकवीस वर्षं झाली होती आणि त्यातली चौदा त्यांनी पहिलीच्या वर्गावर काढली होती. गावात त्यांची ख्याती मार्कांसाठी होती. त्या अर्धा मार्कही फुकट देत नसत आणि अर्धा मार्क कुणाचा मारतही नसत. वर्गातल्या आकारिक चाचण्यांचे आणि सत्रअखेरच्या संकलित परीक्षेचे मिळून शंभरपैकी किती ते काढायचं, त्यावरून श्रेणी लिहायची आणि तांबड्या शाईनं सही करायची. या कामात त्यांचा हात असा बसला होता, की बेरीज तपासायची गरज कधी पडली नाही.

यंदा पहिलीला नवीन कार्ड आलं. समग्र प्रगती पत्रक. त्यात मार्कच नव्हते.

केंद्रावर दोन दिवस प्रशिक्षण झालं. मुलाच्या वाढीची पाच क्षेत्रं: शरीर, भावना, बुद्धी, भाषा, कला. प्रत्येक क्षेत्रात मुलाला एखादी कृती करायला द्यायची आणि ते ती कशी करतं हे तीन बाजूंनी बघायचं. त्याला काय समजलं, दुसऱ्याचा विचार ते किती करतं, स्वतःचं नवीन काय सुचवतं. मग झरा, पर्वत आणि आकाश या तिन्हींपैकी एकावर खूण करायची आणि खाली दोन ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या. एक पान मुलानं स्वतःबद्दल भरायचं, हसऱ्या, मख्ख किंवा रडव्या चेहऱ्यात रंग भरून. एक पान वर्गातल्या सोबत्यानं. आणि एक पान घरच्यांनी.

क्रांतीबाईंच्या वर्गात एकतीस मुलं. महिनाभर त्या निरीक्षणाची वही घेऊन बसल्या. मन लागत नव्हतं, पण काम अर्धवट सोडायचा स्वभाव नव्हता. घरच्यांचं पान भरायला कार्डं चार दिवस घरी पाठवून परत मागवली आणि शेवटी बाकीची पानंही भरून झाली. पालकांना नीट समजावं म्हणून सोबत एका पानाचं पत्रही त्यांनी तयार केलं. प्रशिक्षणाची पुस्तिका समोर ठेवून लिहिलेलं. 'सदर प्रगती पत्रक विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाचे क्षमताधिष्ठित व वर्णनात्मक प्रतिबिंब असून...' असं ते सुरू होत होतं. मुख्याध्यापक राजवर्धन सरांनी वाचलं आणि म्हणाले, "झकास. अगदी ऑफिशियल झालंय."

दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुवारी पालकसभा झाली. कार्डं वाटून पाच मिनिटं झाली नसतील, तोवर वर्गात बाजार भरला.

"ह्याला आकाश मिळालंय! आकाश म्हणजे पैला नंबर न्हवं बाई?" पृथ्वीराजची आई स्वप्नाली कार्ड उंच धरून विचारत होती.

"नंबर नाही त्यात," क्रांतीबाई म्हणाल्या.

"न्हाय कसा? झरा खाली, डोंगर मदी, आकाश वर. लहान पोराला बी कळतंय की."

मागून कुणीतरी हसत म्हणालं, "आमचं तर दोन झरं, तीन डोंगर. म्हणजे सेकंड क्लास."

क्रांतीबाईंनी पत्र वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीलाच बाया आपापसात बोलायला लागल्या. पत्र वाचून संपलं तेव्हा ऐकणारा एकच माणूस उरला होता. खिडकीजवळ भिंतीला टेकून तो उभा होता. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात कार्ड. तो रक्षिताचा बाप वीरेश. शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा. सुट्टी मिळत नाही म्हणून आजवर तो कधीच सभेला आला नव्हता. आज अर्धा दिवस रजा टाकून आला होता.

"बाई, एक विचारू?" तो म्हणाला. "ह्यात आमच्या रक्षिताचं बोलण्याचं लिवलंय. झरा. आणि खाली, 'विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देते. स्वतःहून बोलत नाही.' हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो. जे पाहिलं तेच लिहिलंय."

"घरात ही पोरगी गप बसत न्हाय, बाई. झोपंत बी बोलती." वर्गात हशा पिकला, पण तो हसला नाही. "आमच्याकडं लेथवर केलेला पार्ट, जॉब म्हणत्यात त्याला, तो मोजत्यात. मापात बसला तर पास, न्हाय तर रिजेक्ट. ते सरळ तरी असतंय. शंभरात चाळीस लिवलं असतं तर म्हटलं असतं, अभ्यास कमी पडला. हे वाचून वाटतंय, पोरगी मुकीच हाय."

क्रांतीबाईंना ते लागलं. एवढ्या बायांपुढं लागलं, म्हणून उत्तरही धारदार निघालं. "घरी बोलते ते मला कसं कळणार? घरच्यांसाठी पान दिलं होतं त्यात. तुमचं कोरंच आलंय."

वीरेशनं कार्डाचं शेवटून दुसरं पान उघडलं. खरंच कोरं होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "माझी तीन-तीन पाळ्यांची नोकरी. दिवसभर पोरगी आईपाशी. हे पान तिनं भरायचं. ती हुक्केरीकडची, कर्नाटकातली. तिला मराठी बोलताना अडतंय आणि वाचता तर येतच न्हाय. आणि खरं सांगू, तुमचं हे पत्र मलाच कळलं न्हाय, तर मी तिला काय डोंबल सांगू?"

मग त्यानं कार्ड मिटून बाकावर ठेवलं. "जूनमदी इंग्लिश मीडियमला टाकतो तिला. तिथं मार्क देत्यात," एवढं बोलून तो गेला.

त्या दिवशी क्रांतीबाईंनी घरी जाऊन कार्ड पुन्हा उघडलं. चुकलंय कुठं ते काही केल्या सापडेना. रक्षिता खरंच बोलत नव्हती. जूनपासून बोलत नव्हती. हजेरीला 'हजर', पाणी हवं असलं तर बोट. मणी मोजायला दिले की वीसपर्यंत बिनचूक मोजून बाजूला काढायची. म्हणून तिथं त्यांनी पर्वतावर खूण केली होती. मातीची जनावरं अशी करायची की शेजारचं पोर आपलं सोडून हिचं बघत बसायचं. तिथं आकाश. सोबत्याच्या पानावर पृथ्वीराजनं चित्र काढलं होतं आणि बाईंनी विचारल्यावर सांगितलं होतं, 'माझी पेन्सिल तुटली की ती देती.' ते सगळं कार्डात होतं. पण बापानं ते वाचलंच नव्हतं. त्याची नजर झऱ्यावर अडकून बसली होती.

मग त्यांनी रक्षितानं स्वतः भरलेलं पान काढलं. 'मला चित्र काढायला आवडते', हसरा चेहरा. 'मला मित्रांसोबत खेळायला आवडते', हसरा चेहरा. 'मला वर्गात बोलायला आवडते'. इथं तिन्ही चेहरे कोरे होते. वर्गात घाईघाईनं पानं गोळा करताना त्यांना वाटलं होतं, पोरीचं रंगवायचं राहून गेलं. आता निरखून बघितलं तर हसऱ्या चेहऱ्यावर पिवळ्या खडूचा डाग होता आणि तो खोडरबरानं घासून पुसला होता. कागद तिथं पातळ झाला होता.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी दीड वाजता क्रांतीबाईंनी स्कूटी काढली आणि पत्ता विचारत विचारत वीरेशच्या घरी गेल्या. ऊसवाल्यांच्या प्लॉटात बांधलेल्या चार खोल्यांच्या चाळीतली शेवटची खोली. दारात रक्षिता बसली होती. बाईंना बघितलं आणि उठून आत पळाली.

आतून सुष्मिता आली. हात पिठाचे, डोईवरचा पदर सावरत. तीस वर्षांचीही नसेल. "बर्री, बर्री," ती 'या, या' अशा सुरात म्हणाली आणि घाईनं सतरंजी टाकली. "कुंदर्री." मग एकदम लाजून मराठीत, "बसा."

वीरेश पाळीवर होता. धाकटा शिवांश चुलीजवळ पेंगत होता. क्रांतीबाई बसल्या. पाठ केलेली दोन वाक्यं बोलल्या. सुष्मिता मान डोलावत होती, पण तिच्या डोळ्यांत काही उमटत नव्हतं. कार्डाकडं बघून ती घाबरली होती. पोरीनं काहीतरी गुन्हा केलाय आणि बाई तक्रार घेऊन घरी आल्यात, असा तिचा समज झालेला दिसत होता.

"अव्वाला मराठी थोडंच येतंय," दाराआडून आवाज आला.

क्रांतीबाईंनी वळून पाहिलं. पाच महिन्यांत त्या पोरीच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं हे पहिलं सलग वाक्य.

"मग तू सांगशील तिला? मी बोलते ते?"

रक्षिता पुढं आली आणि आईच्या मांडीला चिकटून बसली. मान हलवली.

क्रांतीबाईंनी पत्र उघडलं. सवयीनं. "सदर प्रगती पत्रक विद्यार्थ्याच्या सर्वांगीण..."

"सर्वांगीण म्हणजे?" रक्षितानं विचारलं.

बाई थांबल्या. "म्हणजे... सगळीकडून. तुला नुसतं वाचता येतं का एवढंच नाही. तू खेळतेस कशी, मोजतेस कशी, रडणाऱ्या पोराजवळ जातेस का, ते सगळं."

रक्षितानं आईकडं तोंड करून भराभर कानडीत सांगितलं. हातवारे करून. रडणाऱ्या पोराचं सांगताना तिनं शिवांशकडं बोट केलं. सुष्मिताच्या कपाळावरच्या आठ्या जराशा सैल झाल्या.

"मुंद?" रक्षिता म्हणाली. मग लक्षात येऊन, "पुढं?"

क्रांतीबाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये घातलं. त्यातलं एकही वाक्य या पोरीच्या पुलावरून पलीकडं जाण्यासारखं नव्हतं. आता जे सांगायचं ते सहा वर्षांच्या मुलीला कळेल, तिला दुसऱ्या भाषेत उचलून नेता येईल, इतकं हलकं करूनच सांगावं लागणार होतं. एकवीस वर्षं शिकवत होत्या, पण असं कुणी त्यांच्याकडून करून घेतलं नव्हतं.

"अव्वाला सांग," त्या सावकाश म्हणाल्या, "ह्या कार्डात नंबर नाही. कुणाच्या पुढं, कुणाच्या मागं, असं काही नाही. रक्षिता जूनमध्ये कुठं होती आणि आता कुठवर आली, एवढंच आहे."

रक्षितानं सांगितलं.

"झरा म्हणजे नुकतं सुरू झालंय. बाईंनी हात धरला की जमतं. म्हणजे नापास नव्हे. पर्वत म्हणजे बरंचसं आपलं आपण जमतं, कुठं अडलं तर विचारते. आकाश म्हणजे आपलं आपण जमतं आणि त्यातून स्वतःचं काहीतरी नवीनही करते. आणि एकाच पोराला एका गोष्टीत झरा, दुसऱ्यात आकाश असू शकतं. आज झरा आहे ते मार्चमध्ये दुसरं काही असू शकतं."

हे लांब होतं. रक्षिता मध्येच अडली, छताकडं बघून विचार केला, मग म्हणाली, "बाई, पर्वताचं मी असं सांगू का? शिवांशला चप्पल घालता येती, पण पट्टा मी लावती. तसं?"

"अगदी तसंच," क्रांतीबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज त्यांनाच वेगळा वाटला.

सुष्मितानं ऐकलं, हसली आणि बोट ठेवून काहीतरी विचारलं. तिचं बोट भाषेच्या पानावर होतं. कानडीतल्या त्या प्रश्नात क्रांतीबाईंना एकच शब्द कळला, 'झरा'.

"अव्वा विचारती, मी बोलण्यात झरा का?" रक्षिता म्हणाली. मग स्वतःचंच जोडल्यासारखं, खाली बघत, "मी पण विचारती."

"कारण तू वर्गात बोलत नाहीस, बाळा. का गं बोलत नाहीस?"

रक्षिता आईच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तुमी सांगितलंय की. पैल्या दिवशी. मी म्हटलं, बाई, नीर पायजे. पोरं हसली. तुमी म्हटला, इथं मराठीत बोलायचं, कानडी घरी." तिनं काठ सोडून परत गुंडाळला. "मग मी बघती आदी, कुठला शब्द कुठल्यातला हाय. तेवढ्यात दुसरं कोणतरी उत्तर देतंय."

क्रांतीबाईंना तो दिवस आठवत नव्हता. आठवायचा प्रयत्न केला तरी आठवेना. असलं वाक्य त्यांनी किती पोरांना सांगितलं असेल. रागानंही नव्हे, सवयीनं, फळा पुसता पुसता. आणि ही पोरगी त्या एका वाक्याचा मान राखून पाच महिने तोंड मिटून बसली होती. बाईंनी वहीत लिहिलं होतं, स्वतःहून बोलत नाही.

सुष्मितानं बाईंचा चेहरा पाहिला आणि लेकीला दंडाला धरून विचारलं, काय बोललीस तू? ते कळायला कानडी यायची गरज नव्हती. रक्षितानं चटकन दोन शब्दांत उत्तर दिलं. सुष्मिता लगबगीनं उठून आत गेली.

"काय सांगितलंस गं?"

"तुमाला तहान लागलीया म्हटलं," रक्षिता हळूच म्हणाली. "ते दुसरं नको सांगायला. अव्वा रडती."

तांब्याभर पाणी आलं. क्रांतीबाई ते सगळं प्यायल्या. तांब्या खाली ठेवून त्या रक्षिताकडं वळल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "ते वाक्य चुकलं. तू वर्गात कानडीत बोल, मराठीत बोल, दोन्ही मिसळून बोल. शब्द अडला तर मला विचार. मला नाही कळलं तर मी तुला विचारीन." रक्षितानं एवढंच विचारलं, "पोरं हसली तर?" क्रांतीबाई म्हणाल्या, "ते माझं काम."

मग त्यांनी कार्डातलं घरचं पान उघडलं आणि पेन काढलं. "आता अव्वाला विचार. तू घरी काय काय करतेस? कशात रमतेस? काय अवघड जातं? अव्वानं सांगायचं, तू मला सांगायचं, मी लिहायचं."

सुष्मिता सुरुवातीला एकेक शब्द बोलत होती. म्हणाली, भाकरी मोजते. म्हणाली, भावाला सांभाळते. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती अशी बोलत सुटली की रक्षिताला हात दाखवून तिला थांबवावं लागलं.

"अव्वा म्हणती, मी रोज रात्री शिवांशला कथी सांगती. एका एम्मीची. एम्मी म्हणजे म्हैस. ती म्हैस बिद्रीच्या साखर कारखान्यात जाती, चोरून काकवी खायला. रोज नवीन. काल तिला वॉचमननं पकडलं. आज काय हुतंय ते शिवांश सकाळपासनं विचारालाय. अव्वा म्हणती, तिनं शिकवलं न्हाय. माझं मीच करती."

"आणि अवघड काय जातं?"

आईनं सांगितलेलं रक्षितानं जरा नाखुशीनंच मराठीत आणलं. "हरलं की रुसती म्हणती. जेवत न्हाय." आणि लगेच, "ते पण लिवायचं?"

"ते पण."

पान भरलं. खाली सहीची जागा होती. सुष्मितानं पेन हातात घेतलं आणि थबकली. लेकीमार्फत विचारलं, कानडीत चालेल का?

"चालतंय की," क्रांतीबाई म्हणाल्या.

सुष्मितानं गोल गोल, ठसठशीत अक्षरांत सही केली. किती वर्षांनी केली असेल कोण जाणे. शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली.

त्याच संध्याकाळी क्रांतीबाई राजवर्धन सरांच्या घरी गेल्या. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "भाषेतली नोंद मला बदलायची आहे."

सर बिचकले. "दिलेल्या कार्डात खाडाखोड? उद्या सगळेच येतील, आमचं आकाश करा म्हणून."

"खाडाखोड नाही. जे लिहिलं ते तसंच राहू दे. वर्गात ती बोलत नव्हती, हे खरंच आहे. त्याखाली आजची तारीख टाकून नवीन निरीक्षण लिहिते. पुरावा म्हणून घरचं पान आहे. आणि मी स्वतः ऐकलंय."

"मग खूण कुठं करणार? झरा का पर्वत?"

क्रांतीबाईंनी विचार केला. जुन्या सवयीनं डोक्यात आधी आकडाच आला होता. "खूण आत्ता नाही करत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या सत्रात वर्गात बघते. खूण करायची घाई झाली, तिथंच चुकलं. आत्ता नुसते शब्द लिहिते."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मार्क होते तेव्हा एवढं चालावं लागत नव्हतं, बाई," ते म्हणाले, पण सही करतो म्हणाले.

क्रांतीबाईंनी लिहिलं, 'घरी कन्नडमध्ये स्वतःच्या गोष्टी रचून सांगते. आईचे कन्नड बोलणे मराठीत व शिक्षकांचे मराठी बोलणे कन्नडमध्ये अर्थासह सांगते; अडल्यास उदाहरण देते. समोरच्याला वाईट वाटू नये याची काळजी घेते. वर्गात मोकळेपणाने बोलावे यासाठी शिक्षकांनी तिच्या भाषेला जागा देणे आवश्यक.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एकवीस वर्षांत मुलाच्या प्रगती पत्रकात स्वतःबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही लिहिलं होतं.

पत्रही नव्यानं लिहिलं. या वेळी पुस्तिका कपाटातच राहिली. चप्पल आणि पट्टा त्यात आला. 'ह्यात नंबर नाही' हे पहिल्याच ओळीत आलं. 'शेजारच्या पोराशी ताडून बघू नका, तुमच्याच पोराच्या मागच्या कार्डाशी ताडून बघा' हे आलं. आणि शेवटी, 'घरचं पान तुम्हाला लिहायला जमत नसेल तर मी येते. तुम्ही कुठल्याही भाषेत सांगा, मी लिहून घेते.'

सोमवारी सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शाळा सुटायच्या वेळेला वीरेश फाटकात उभा होता. पहिली पाळी करून थेट आला होता, हाताला अजून ऑइलचा वास होता. क्रांतीबाईंनी कार्ड आणि पत्र त्याच्या हातात दिलं. तो उभ्या उभ्या वाचत होता. पत्र वाचताना एकदा हसला. नवीन नोंद मात्र त्यानं दोनदा वाचली.

"ही म्हशीची गोष्ट मला कुणी सांगितली न्हाय," तो म्हणाला.

"तुम्ही पाळीवर असता."

"व्हय. ते बी खरं हाय." त्यानं कार्ड शर्टाच्या आत घातलं, ऑइल लागू नये म्हणून आतल्या बाजूला रुमाल धरून. "परवा सभेत जरा जास्तच बोललो बाई. पण मोठं झाल्यावर मार्कच लागणार की. दहावीला काय झरा म्हणून सोडणार न्हाईत."

"लागतील. तेव्हा घेईल ती मार्क. आत्ता सहा वर्षांची आहे."

"जूनचं अजून ठरवलं न्हाय मी," तो म्हणाला. होकारही नाही आणि नकारही नाही. मग निघता निघता मागं वळला. "ह्या पत्राच्या चार कॉप्या मिळतील का? आमच्या शॉपमदी चौघांची पोरं पैलीत हायत, वेगवेगळ्या शाळांत. असलंच कार्ड आलंय सगळ्यांना. कुणाला काय कळंना झालंय, आणि विचारायची लाज वाटतीया."

क्रांतीबाईंनी ऑफिसात जाऊन चार कॉप्या काढून आणल्या. तेवढ्या वेळात रक्षिता फाटकात आली होती आणि बापाचा हात धरून त्याला काहीतरी सांगत होती. मध्येच मराठी, मध्येच कानडी. शेजारून जाणारा पृथ्वीराज थांबून ऐकत होता. "नीर म्हणजे काय गं?" त्यानं विचारलं. रक्षितानं एकदा बाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "पाणी. म्हण की, नीर." पृथ्वीराज म्हणाला आणि 'नीर, नीर' करत स्वप्नालीच्या गाडीकडं पळाला.

शाळा रिकामी झाल्यावर क्रांतीबाईंनी कपाट उघडून सभेनंतर पालकांनी परत दिलेली बाकीची तीस कार्डं टेबलावर काढली. प्रत्येकाचं घरचं पान उघडून बघितलं. अकरा कोरी होती. चार पानांवर फक्त 'हो, हो, हो' अशा खुणा आणि खाली एक सही. त्यांनी ती पंधरा कार्डं बाजूला काढली, पिशवीत भरली आणि वहीत पत्ते उतरवून घेतले. पहिला पत्ता सरनोबतवाडीचा होता. घरात आजी एकटीच असते आणि तिला कमी ऐकू येतं, असं मुलानं सांगितलेलं होतं. म्हणजे मोठ्यानं बोलावं लागणार होतं. क्रांतीबाईंनी स्कूटीला किक मारली.